हरवलेल्या पार्सलचा फोटो जोडा म्हणे!

पार्सल हरवलंय. ह-र-व-लं-य. आणि कुरिअरवाले क्लेमच्या फॉर्मवर लाल चांदणी लावून विचारतात, 'पार्सलचे सर्व बाजूंनी फोटो अपलोड करा'. अहो, फोटो काढायला ते माझ्यापाशी असतं तर मी तुमच्या दारात कशाला आले असते? तो रकाना रिकामा ठेवला तर सबमिटचं बटणच दाबलं जात नाही. शेवटी पावतीचाच फोटो चिकटवला, तर आज मेल: 'इमेज अस्पष्ट, क्लेम बंद करण्यात येत आहे.'

ठाण्याहून नागपूरला भाचीच्या लग्नासाठी येवल्याची पैठणी पाठवली होती. ट्रॅकिंग उघडा, सगळं धडधडीत लिहिलंय. भिवंडीच्या हबमध्ये इन-स्कॅन झालं, आउट-स्कॅन नाहीच. म्हणजे आत गेलं आणि बाहेर पडलं नाही. हे मला घरबसल्या कळतं, यांना 'इन्व्हेस्टिगेशन' लागतं! बरं झालं, स्क्रीनशॉट काढून ठेवला, कारण आता त्याच नंबरावर 'नो रेकॉर्ड फाउंड' येतंय.

मग किमतीचा पुरावा. जीएसटीचं पक्कं बिल दिलं, साडेचौदा हजारांचं. तर म्हणे बिलावर नाव वेगळं आहे. साडी आईने घेतली, तिचं नाव असणार नाहीतर कुणाचं? आईचं पत्र, दोघींची आधार कार्डं, दुकानदाराला दिलेल्या यूपीआयची नोंद, सगळं पाठवलं. त्यावर शांतपणे उत्तर आलं की बुकिंग 'ओनर्स रिस्क'वर आहे, म्हणजे हरवलं तर जोखीम पाठवणाऱ्याची. ती खूण काउंटरवरच्या पोराने परस्पर केलेली! मी बिल पुढे केलं होतं, तर 'त्याची गरज नाही मॅडम' म्हणाला. पावतीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, भरपाई जास्तीत जास्त शंभर रुपये. पाठवायलाच त्याहून जास्त घेतले होते!

आणि हेच लोक मी दिवसभर घरात असताना 'दार बंद होतं' असा शेरा मारून जातात. पत्ता पिनकोडसकट लिहिलेला असतो, तरी 'मॅडम, लोकेशन टाका'. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टने यायला यांचे पाय दुखतात.

काल कस्टमर केअरवर एवढी ओरडले की समोरच्या काकू ताकाचा पेला घेऊन आल्या. फोनवरची पोरगी बिचारी पाठ केलेलं म्हणत होती, 'मी आपला त्रास समजू शकते.' मी म्हटलं, 'तुमच्या लग्नाची पैठणी होती का?' नंतर वाईट वाटलं, तिची काय चूक? पण संभाषणाला किती स्टार द्याल असा मेसेज आला आणि माझं वाईट वाटणं संपलं.

आता ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, तक्रार टाकतेय. सोबत स्क्रीनशॉट, पावतीच्या दोन्ही बाजू, बिल आणि यांचे सगळे मेल. आणि कंपनीकडून लेखी मागितलंय की पार्सल हरवलंय. तेवढं एक वाक्य लिहायला यांच्या हाताला लकवा भरतो.