तीन डोकी, तीन भाग

परवा मे महिन्याचं लाइट बिल आलं. जवळजवळ पाच हजार. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटच्या ग्रुपवर पाच मिनिटांत मेसेज पडला, ‘भावांनो, तिघांत भाग, प्रत्येकी १,६५५, आजच टाका.’ शेवटी हात जोडलेले. मेसेज टाकणारा गृहस्थ दिवसभर घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. मी दिवसभर कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याखाली शिजत असतो. तिसरा औषध कंपनीचा एमआर आहे, तो आठवड्यातले चार दिवस जत-आटपाडीच्या एसटीत असतो. आम्ही दोघांनी निमूट पैसे टाकले. टाकल्यावर जे ज्ञान झालं ते तुम्हाला फुकट देतोय. नवीन फ्लॅट घेणार असाल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे फ्लॅट बघायला जाल तेव्हा जिना पळत चढा. घरमालक काका खाली बोअरच्या पाण्याचं कौतुक सांगत असतील, ते बाकीच्यांना ऐकू दे. तुम्ही वर जाऊन सगळ्यात मोठ्या बेडरूममध्ये बॅग टाका. बॅग टाकली की खोली आपली, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण अजून कुणी मोडलेला नाही. आमच्याकडे ज्यानं बॅग टाकली त्याला आम्ही तेव्हापासून मास्टर म्हणतो. बेडरूम मास्टर, म्हणून तोही मास्टर.

मग भाड्याचा विषय निघेल. तेव्हा लगेच म्हणा, “आपल्यात कसला हिशेब? तीन डोकी, तीन भाग.” हे हसत हसत म्हणायचं असतं. समोरचा गप्प बसतो, कारण त्यानंतर जो तोंड उघडेल तो चिक्कू.

चुकूनही घरात टेप आणू नका. टेप आणली की घात झालाच म्हणून समजा. मी आणली. मास्टरची खोली चौदा बाय बारा, म्हणजे १६८ चौरस फूट, वर अटॅच बाथरूम ३२. झाले २००. एमआरची बारा बाय दहा, १२०. माझी दहा बाय आठ. ऐंशी! बिल्डरनं नकाशात तिला ‘चिल्ड्रन्स रूम’ म्हटलंय. मूल फार मोठं होऊ नये अशी त्याची इच्छा असावी. माझी कॉट लावली की कपाटाचं एकच दार उघडतं, दुसऱ्या दारामागे काय आहे ते मी दिवाळीनंतर पाहिलेलं नाही.

आता टेप आणलेला माणूस काय करतो? तो भाडं दोन भागांत तोडतो. हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज आणि कॉमन बाथरूम मिळून आमच्याकडे साधारण चारशे फूट भरतात, आणि तीन खोल्याही चारशेच. म्हणजे १५,००० भाड्यातले ७,५०० सगळ्यांच्या जागेचे. ते खरंच समान, प्रत्येकी २,५००. उरलेले ७,५०० मात्र खोल्यांच्या मापानं. मास्टरकडे चारशेतले दोनशे फूट, म्हणून ३,७५०. एमआरचे २,२५०. माझे १,५००. बेरीज केली की मास्टर ६,२५०, एमआर ४,७५०, मी ४,०००. देतोय काय? सगळे ५,०००. अकरा महिन्यांच्या करारात मी ११,००० रुपये जास्त भरणार, ज्या खोलीत मला पायसुद्धा ठेवायचा नाही तिच्यासाठी.

(बाल्कनी मी मापातच घेतली नव्हती. ती मास्टरच्या खोलीतूनच उघडते, पण एमआरचे कपडे तिथे वाळतात, म्हणून सोडली. बघा, मी किती समजूतदार आहे.)

तुमच्या फ्लॅटमध्ये हॉल मोठा आणि खोल्या लहान असतील तर निम्मे-निम्मे धरू नका, मोजून जेवढं भरेल तेवढं धरा. अर्थात तुम्ही टेपच आणणार नाही, त्यामुळे प्रश्न मिटला.

मार्केट यार्डात जाऊन हळकुंड आणि कणी एकाच दरानं मागून बघा एकदा. अडत्या आधी चहा पाजेल, मग डॉक्टरचा पत्ता देईल. पण त्याच सांगलीत चारशे फुटांतले दोनशे आणि ऐंशी एकाच भाड्यात जातात. मैत्रीत.

डिपॉझिटही समान भरा, परत मिळताना कुणाच्या खोलीची भिंत खराब झाली ते तेव्हा बघू.

वाय-फायचं बिल समान ठेवा, आणि मीटिंगमध्ये मास्टरचा आवाज तुटू नये म्हणून तुम्ही मॅच बघू नका.

आता लाइट बिल. इथे खरी कला आहे. घरून काम करणाऱ्यानं कायम लॅपटॉपवर बोट ठेवावं. “भावा, लॅपटॉप कितीसं खातोय?” हे अगदी खरं आहे. लॅपटॉप आणि जोडीला मॉनिटर मिळून शंभर वॉटच्या आत-बाहेर. नऊ तासांत एक युनिटही नाही. महिन्याचे बावीस कामाचे दिवस धरले तर वीस युनिट. दिवसभर पंखा, त्याचे पंधरा. पस्तीस युनिटांवरून रूम पार्टनरशी भांडणारा माणूस कोता. फेब्रुवारीत मी एक अवाक्षर काढलं नाही.

पण एप्रिलमध्ये मास्टरनं दीड टनाचा एसी लावला. स्वतःच्या पैशानं, हे तो अजून सांगतो. एसीचे पैसे त्याचे, वीज आपली. मी म्हटलं, अरे, नऊ तास चालतोय. तर म्हणतो, “मी दार उघडंच ठेवतोय की. हॉलमध्ये पण गार हवा येतीय, तुम्हाला पण फायदा हाय.” दुपारी दोन वाजता हॉलमध्ये कोण असतं? टीव्ही आणि पाल.

मग मी आणखी एक करू नये ते केलं. सकाळी नऊला कामावर जाताना पार्किंगमधल्या मीटरपाशी थांबलो. डिजिटल मीटरवर आकडे फिरत असतात, आधी तारीख येते, मग वेळ, मग भलतंच काहीतरी. बाजूला kWh दिसेल तेव्हाचा आकडा घ्यायचा. तो येईपर्यंत वॉचमन माझ्याकडे असा बघत होता की जणू मी वायर चोरायला आलोय. आकडा होता ४१८२.०. संध्याकाळी सहाला परत आलो, ४१९३.४. दिवसभरात ११.४ युनिट, आणि घरात एकच माणूस. फ्रिजचा अर्धा युनिट सगळ्यांचा म्हणून सोडला. राहिले १०.९. चार वेगवेगळ्या दिवशी बघितलं, आकडा थोडा इकडेतिकडे, पण दहा-अकराच्या घरात. गुणिले बावीस, २४० युनिट.

बिल ३९० युनिटांचं. म्हणजे आम्हा तिघांची रात्र, सकाळ, रविवार, फ्रिज, मिक्सर, सगळं मिळून १५०. आणि एकट्या मास्टरचं ऑफिस २४०.

तरी तो म्हणेल, बरं, दोनशे चाळीस माझे, मग सरासरी दरानं घे. इथेच भलेभले फसतात. लाइट बिल म्हणजे किराणा नव्हे, जास्त घेतलं की स्वस्त पडत नाही, उलटं असतं. घरगुती मीटरला महिन्याचे पहिले शंभर युनिट एका दरानं, शंभर ते तीनशे जवळपास दुपटीनं, तीनशेच्या पुढे आणखी महाग. आणि हे टप्पे एका मीटरला मिळतात, माणशी नाही. वीज आणि वहन आकार मिळून सोयीसाठी गोल दर धरा, सहा, अकरा आणि पंधरा रुपये. आमचे १५० युनिट असते तर शंभराचे ६०० आणि पन्नासाचे ५५०, एकूण १,१५०. ३९० ला काय होतं? ६००, मग दोनशेचे २,२००, मग नव्वदाचे १,३५०. एकूण ४,१५०. या दोन्हींतला फरक ३,०००. मास्टरचा एकेक युनिट साडेबारा रुपयांचा पडला, सरासरी दर येतो साडेदहाच्या वर थोडा. त्याच्या युनिटांनी बिल वरच्या टप्प्यात ढकललं, आणि सरासरी काढली की त्या ढकलण्याचा भुर्दंड आमच्या पंख्यावर बसतो.

आता यात सव्वाशे-दीडशे स्थिर आकार, तो समान. वर १६ टक्के वीज शुल्क, ते ज्याचा जेवढा भाग त्याला तेवढं. सगळं धरून माझा भाग येतो ४९५. भरले १,६५५. एका महिन्यात एक हजार एकशे साठ रुपये, मी घरात नसताना.

एक कबूल करतो. उद्या एमआरनंही एसी लावला तर हा हिशेब मोडतो, कारण मग वरच्या टप्प्यात कुणी ढकललं हे ठरवता येत नाही. तेव्हा प्रत्येक एसीच्या लाइनवर सबमीटर बसवायचा, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सरासरी दरानं वाटायचं. पण आज एसी एक आहे, माणूस एक आहे, आणि तो कोण हे पालीलाही माहीत आहे.

हे सगळं मी कागदावर लिहून फ्रिजला लावलं. मास्टर बघून म्हणाला, “एवढा हिशेब? घरच्यासारखं राहतोय रे आपण.”

घरच्यासारखं? घरी माझा बाप खोलीतून बाहेर पडताना चार वेळा मागं वळून बटण बघतो. घरी सगळ्यात लहान खोलीत झोपणाऱ्याकडून जास्त पैसे घेत नाहीत. तुझा पेट्रोलचा खर्च वाचला, डब्याचा वाचला, पुण्याचं भाडं वाचलं. ते वाचलेलं कधी तिघांत वाटलंस? कंपनीचं ऑफिस माझ्या पगारावर गार करतोयस आणि मला चिक्कू म्हणतोस? आणि तो एमआर, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. तुलाही सांगतो, तुझे अडीचशे रुपये दर महिन्याला भाड्यात जातायत आणि बिलात हजारावर. गप्प बसण्याला समजूतदारपणा म्हणत नाहीत, बावळटपणा म्हणतात. मी आठ महिने तेच केलं, म्हणून मला माहीत आहे.

जूनपासून माझ्याकडून भाड्याचे चार हजार आणि बिलाचा माझा भाग येईल. कागद फ्रिजवर आहे, चूक दाखव, बदलतो.

आणि ते दार लाव आधी. एसी चालू आहे.