पाच ओळींचा मेल

सोमवारी दुपारी चार वाजता मुकादमाचा फोन आला. "साहेब, सहातली चौघं तापानं आडवी झालीत. उद्याला दोघंच."

मंगळवारी सकाळी नऊला आमच्या गोदामातून ६४० खोकी उचलायला गाडी येणार होती. ती येऊ नये एवढंच ट्रान्सपोर्टरला कळवायचं होतं. पाच ओळींचा मेल. कॅलेंडर बघा, तारीख बदला, पाठवा. मीही तेच समजून बसलो होतो.

आमच्या साहेबांचं म्हणणं वेगळंच. "दोघं आहेत ना? हळूहळू भरतील की." मी कागद ओढला. सुटी खोकी, पॅलेट नाहीत, म्हणजे फोर्कलिफ्ट नुसती बघत उभी राहणार. प्रत्येक खोकं हातानं उचलून गाडीच्या आत नेऊन रचायचं. सहा जण असले की दोघं आत रचतात, चौघं आणून देतात आणि तीन तासांत गाडी भरते. दोघंच असले तर नऊ तास. हे झालं कागदावरचं गणित. चारशेव्या खोक्यानंतर माणूस पहिल्या खोक्याच्या वेगानं चालत नाही, हे गणिताला ठाऊक नसतं. आमच्या करारात गाडी थांबवायला तीन तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला थांबण्याचे पैसे. शिवाय तोवर गाडी लावून माल भरायचा डॉक अडलेला, आणि बाराची दुसरी गाडी फाटकाबाहेर हॉर्न वाजवत. साहेब म्हणाले, "मग मेल टाका." जणू मीच इतका वेळ दोघांना भरायला लावत होतो.

मेल टाकायला बसलो आणि अंगात सौजन्य संचारलं. 'आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की' इथून जी सुरुवात झाली ती दुसऱ्या परिच्छेदात तापाच्या लक्षणांपर्यंत पोचली. तिसऱ्यात आपले जुने व्यावसायिक संबंध आले. चौथ्यात, अगदी तळाशी, 'तरी शक्य झाल्यास उद्याची गाडी परवा त्याच वेळी पुढे घ्यावी, ही नम्र विनंती.' विषयाच्या जागी लिहिलं, 'अत्यंत महत्त्वाचे'. या सगळ्याला पन्नास मिनिटं लागली. पाठवला, आणि एखादं पत्र पेटीत टाकल्यावर वाटावा तसा हलकेपणा वाटला.

सव्वापाचला उत्तर आलं. 'ओके, नोटेड.'

हा शब्द मोठा फसवा. काय नोट केलं? गाडी रद्द झाली, नवी वेळ मिळाली, की आमच्या माणसांना ताप आला एवढंच? 'नोटेड' म्हणजे तुमचं ऐकलं, इतकंच. केलं असं त्यात कुठंच नसतं. साडेपाचला मी फोन लावला.

"साहेब," पलीकडचा बुकिंगवाला म्हणाला, "विषयात बुकिंग नंबर नाही. माझ्याकडं आज तुमच्याचसारखे वीस मेल 'अत्यंत महत्त्वाचे' आहेत. आणि 'पुढे घ्या' म्हणजे लवकर की उशिरा?"

मी गप्प. खरंच, पुढे घ्यायचं म्हणजे आधी आणायचं की नंतर ढकलायचं, हे आपल्याकडं ज्याच्या त्याच्या मनावर असतं.

"त्यात 'परवा' लिहिलंय. हा मेल रात्रपाळीवाल्यानं बारानंतर उघडला असता, तर त्याचा 'उद्या' बुधवार आणि 'परवा' गुरुवार." त्यानं हे अगदी शांतपणे सांगितलं, आणि मला आठवलं की आपल्या भाषेत गेलेला परवा आणि येणारा परवा हे एकच गृहस्थ आहेत.

"गाडी निघाली का?" मी विचारलं. जो प्रश्न चार वाजता विचारायचा, तो मी दीड तासानं विचारत होतो. मेल हा नोंदीसाठी असतो. गाडी थांबवायची तर फोनच करावा लागतो, कारण ड्रायव्हर मेल वाचत नाही, तो फक्त निघतो. आणि एकदा निघाला की माल मिळो न मिळो, रिकाम्या फेरीचे पैसे लागतात.

"अजून नाही. रात्री दहाला निघणार होती. थांबवतो. पण नवी तारीख एकदाच द्या, आणि पक्की."

मी मुकादमाला फोन केला. "बुधवारी चौघं येतील ना?"

"बघू."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी नक्की."

मुकादमाचा 'बघू' म्हणजे नाही, हे कळायला मला या धंद्यात काही वर्षं घालवावी लागली. मग डॉकचं रजिस्टर पाहिलं, गुरुवारी सकाळी नऊ ते बारा मोकळं होतं, दुपारी दोन ते पाचसुद्धा. माल जिथं उतरणार होता तिथंही फोन केला. इथं गुरुवारी भरून तिथं शुक्रवारी कुणी उतरवून घेणार नसेल, तर आपण नुसती अडचण एका दारातून दुसऱ्या दारात पाठवतो. ते म्हणाले, शुक्रवारी चालेल. आता कुठं मेल लिहिण्यासारखं काही हाती आलं होतं. या वेळी तो चार मिनिटांत झाला:

"विषय: बुकिंग ४४७१ – मंगळवार १२ मार्चची गाडी नको, नवी वेळ गुरुवार १४ मार्च, सकाळी ९

नमस्कार,
माल भरणारी माणसं नसल्यानं मंगळवार, १२ मार्च, सकाळी ९ ते १२ हा स्लॉट रद्द करत आहोत. गाडी निघालेली नाही, हे आज सायंकाळी ५:३० ला फोनवर आपल्याकडून समजलं.
त्याऐवजी गुरुवार, १४ मार्च, सकाळी ९ ते १२ ला गाडी द्यावी. ते जमत नसल्यास त्याच दिवशी दुपारी २ ते ५.
माल तोच, ६४० सुटी खोकी. गाडीही त्याच आकाराची.
दोन्हींपैकी पक्की वेळ आणि गाडी नंबर आज ७ पर्यंत याच मेलवर कळवा."

साहेबांनी वाचून नाक मुरडलं. "खेद कुठाय?" मी म्हटलं, खेद फोनवर झाला. त्यांना 'गाडी निघालेली नाही' हे वाक्यही उगाच वाटलं. पण महिनाअखेरीला बिलात रिकाम्या फेरीचे पैसे लागून आले, तर त्या एका वाक्याखेरीज आपल्या हातात काही नसतं. उलट 'शक्य झाल्यास' मी जाणूनबुजून काढलं होतं. बुकिंगवाला ते वाचतो तेव्हा त्याला दिसतं की मंगळवारची गाडी आली तरी या माणसाचं फारसं बिघडणार नाही.

पावणेसातला उत्तर आलं. गुरुवार, नऊ, आणि गाडीचा नंबर. 'नोटेड' नाही. मी तो मेल दोनदा वाचला, एखादी चांगली कविता वाचावी तसा.

गुरुवारी आठ पन्नासला सहाच्या सहा माणसं डॉकवर हजर. तापातून उठलेल्यांनी तर स्वतःहून खोकी पुढं आणून मांडून ठेवली. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. गाडीचा पत्ता नाही. मी ट्रान्सपोर्टरला फोन लावायला घेतला, जरा चढ्या आवाजाची तयारी करून, तेवढ्यात फाटकावरून रखवालदाराचा फोन आला.

"साहेब, एक गाडी पावणेनऊपासून उभी आहे. मी आत सोडली नाही. माझ्या यादीत हिची तारीख मंगळवारची आहे."