वायर ती वायर

कन्सोल आणि प्रोजेक्टर यांच्यातलं अंतर हवेतून मोजलं तर जेमतेम चार मीटर. पण वायर हवेतून जात नाही. ती कपाटामागून निघते, भिंतीच्या कडेने कोपरा गाठते, पाइपातून छतावर चढते आणि तिथून निवांत प्रोजेक्टरकडे येते. थोडी ढील धरली की झाले दहा मीटर.

आधी साधी तांब्याची एचडीएमआय लावली. फुल एचडीवर चित्र झकास. फोर-के, साठ हर्ट्झ केलं की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची चमचम, मग दोन सेकंद काळोख, मग पुन्हा चित्र. मेहुण्यांनी लगेच ‘दिवा गेला’ असं निदान केलं. ते कुठल्याही यंत्राचं हेच निदान करतात. पण फुल एचडीला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट लागतात आणि फोर-केला जवळजवळ अठरा. इतका वेगवान सिग्नल लांब तांब्यात वाटेतच विरतो. रेझोल्युशन उतरवल्यावर चमचम थांबते, म्हणजे दिवा निर्दोष.

उपाय दोन. एक ॲक्टिव्ह तांब्याची वायर, जिच्या टोकातली चिप थकलेला सिग्नल सावरते. दुसरी फायबरची. तिच्या एका टोकात लेझर असतात, दुसऱ्यात तो प्रकाश पकडून पुन्हा वीज करणारे डोळे. चित्र काचेच्या चार तंतूंतून जातं. किरकोळ संदेश आणि पाच व्होल्ट मात्र शेजारच्या बारीक तांब्यातून. मी फायबर घेतली, कारण पाइपात जाडजूड काही शिरणार नव्हतं.

दोन्हींची एक अट असते: दिशा. कन्सोलच्या टोकावर ‘सोर्स’, प्रोजेक्टरच्या टोकावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं आणि हे घरजावयाच्या स्वभावासारखं असतं, उलटं फिरत नाही.

“आधी जमिनीवर पसरून जोडून बघू,” मी म्हटलं.

“साहेब, वायर ती वायर,” इलेक्ट्रिशियन म्हणाले आणि मी स्टूल आणेपर्यंत त्यांनी ती पाइपातून वर काढलीसुद्धा. छतातून ‘सोर्स’ लोंबत होतं.

जोडलं. चमचम नाही, ठिपका नाही, काही म्हणजे काहीच नाही. “फ्यूज झालेली वायर पाठवलीय तुम्हाला,” त्यांनी जाहीर केलं. खरं तर उलट्या वायरीची हीच खूण: खराब चित्र नव्हे, चित्रच नाही.

वायर परत काढताना ते कनेक्टर धरून ओढू लागले तेव्हा मात्र मी ओरडलो. काचेचे तंतू त्या टोकातच चिकटवलेले असतात. तिथे ताण आला की संपलं. शेवटी ओढायची दोरी कनेक्टरच्या बरीच मागे वायरीच्या अंगाला बांधली, कोपऱ्यावर ऐसपैस वळण दिलं, आणि यावेळी जमिनीवर जोडून चित्र बघूनच ती पाइपात घातली.

फोर-के आलं. भाच्याने पहिला प्रश्न विचारला, “मामा, एकशेवीस हर्ट्झ का नाही?”

कारण प्रोजेक्टरचा पोर्ट एचडीएमआय २.० चा आहे आणि फोर-केला त्याची धाव साठपर्यंतच. मेहुणे म्हणाले, “मी सांगत होतो, दिवा.”