तीस वर्षांचा अनुभव सारांशात कसा मांडावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "रेझ्युमेच्या सारांशातून 'तीस वर्षांचा अनुभव' हे शब्द काढा, असे तुम्ही लिहिता. ही सरळसरळ लपवाछपवी आहे. वय मुलाखतीत कळणारच. शिवाय तीस वर्षे हीच माझी कमाई आहे. तीच पुसून टाकली तर माझ्याकडे दाखवायला उरते काय? मी चौपन्न वर्षांचा आहे आणि खरेदी विभागात आयुष्य घालवले आहे."

आपण इतक्या स्पष्टपणे लिहिलेत, याबद्दल आभार. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन आक्षेपांचे उत्तर त्यातच आहे.

'तीस वर्षांचा प्रदीर्घ अनुभव' या शब्दांतून वाचणाऱ्याला आपण किती काळ नोकरीत आहात एवढेच समजते. त्या काळात आपल्या हातून काय घडले, हे समजत नाही. खरेदी विभागात तीस वर्षे एकाच पद्धतीने ऑर्डरी काढणारा माणूसही हेच शब्द लिहू शकतो, आणि त्यांत काही खोटे नसते. म्हणजे या शब्दांनी आपण त्याच्यापेक्षा वेगळे ठरत नाही. वय मात्र पहिल्याच ओळीत सांगून मोकळे होतो. सारांश हा रेझ्युमेच्या अगदी वर असतो आणि पुढचे वाचायचे की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरते. त्या चार-पाच ओळींत काळापेक्षा कामाला जागा द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याच क्षेत्रातले एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यंत्रे बनवणाऱ्या उद्योगातील एका खरेदी व्यवस्थापकाचा सारांश असा आहे असे समजा : "यंत्रनिर्मिती क्षेत्रात ३० वर्षांहून अधिक प्रदीर्घ अनुभव. खरेदी लिपिक पदापासून सुरुवात करून व्यवस्थापक पदापर्यंत वाटचाल. मेहनती, प्रामाणिक व सर्वांना सोबत घेऊन चालणारे नेतृत्व. नवीन तंत्रज्ञान शिकण्यास तयार."

यातले शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे, असे माझे मत आहे. 'शिकण्यास तयार' असे लिहिणारा आपल्याला ते आज येत नाही, हे न विचारताच कबूल करतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात आधीच असलेल्या शंकेला दुजोरा देतो. लिपिक पदाचा उल्लेख अभिमानाने केलेला आहे हे मला कळते, पण आता ज्या पदासाठी अर्ज आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही. मेहनत आणि प्रामाणिकपणा हे गुण खरेच असतील; मात्र ते स्वतःविषयी स्वतः सांगितल्याने सिद्ध होत नाहीत.

त्याच माणसाचा सारांश असाही लिहिता येतो : "उत्पादन उद्योगातील खरेदी व पुरवठा व्यवस्थापक. तीन कारखान्यांसाठी कच्चा माल व सुट्या भागांची खरेदी, नऊ जणांचा विभाग, सुमारे १४० पुरवठादार. गेल्या चार वर्षांत एकाच पुरवठादारावर अवलंबून असलेल्या २२ भागांना दुसरा मान्यताप्राप्त पुरवठादार मिळवून दिला. माल न पोहोचल्याने उत्पादन थांबण्याचे प्रसंग वर्षाला ११ वरून २ वर आणले. विभागाचे काम नव्या ईआरपी प्रणालीवर नेण्याची जबाबदारी सांभाळली. मंदी आणि टंचाई या दोन्ही काळांत पुरवठादारांशी करार नव्याने ठरवण्याचा अनुभव."

शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. आपली तीस वर्षे तिथे आहेत. मागणी कोसळलेली असताना आणि माल मिळेनासा झालेला असताना, अशा दोन्ही टोकांना करार सांभाळलेला माणूस नवखा असू शकत नाही, हे त्या क्षेत्रातल्या वाचकाला आकड्याशिवाय कळते. ईआरपीच्या वाक्याने 'शिकण्यास तयार' या वाक्याची जागा घेतली आहे, कारण केलेल्या कामाचा उल्लेख आला की तयारीची ग्वाही द्यावी लागत नाही. आकडे मात्र स्वतःचेच हवेत, आणि मुलाखतीत कोणी विचारले तर ते कसे मोजले हे सांगता आले पाहिजे.

आता लपवाछपवीविषयी. खोटे लिहू नये, तारखा बदलू नयेत आणि अर्जात जन्मतारीख विचारली असेल तर ती खरीच द्यावी, याविषयी माझे दुमत नाही. पण रेझ्युमे हा निवडक दस्तऐवज असतो, आणि काय पुढे ठेवायचे ते प्रत्येक उमेदवार ठरवतच असतो. साधारणपणे गेल्या १० ते १५ वर्षांतील नोकऱ्या तारखांसह सविस्तर द्याव्यात आणि त्याआधीच्या 'पूर्वीचा अनुभव' या मथळ्याखाली पद आणि कंपनीच्या नावासह एका ओळीत लिहाव्यात. जाहिरातीत किमान १५ वर्षांचा अनुभव मागितला असेल, तर दिलेल्या तारखांतून तेवढी वर्षे दिसतील इतके मागे जावे. अर्ज चाळणारी संगणकप्रणाली अनुभवाची वर्षे बहुधा तिथूनच मोजते. सगळा काळ एकाच कंपनीत गेला असेल, तर कंपनीतला काळ तोडू नये; पदांनुसार भाग पाडावेत आणि अलीकडच्या पदांना जास्त ओळी द्याव्यात.

सारांशातून वर्षे काढली आणि खाली पदवीचे वर्ष तसेच ठेवले, तर मात्र सगळी मेहनत वाया जाते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत चाळीस हजारांहून अधिक काल्पनिक अर्ज पाठवून केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अर्जदाराचे वय सूचित करण्यासाठी शालेय शिक्षण पूर्ण केल्याचे वर्ष वापरले होते, आणि वयस्क अर्जदारांना, विशेषतः स्त्रियांना, कमी प्रतिसाद मिळाल्याचे आढळले. शिक्षणाचे वर्ष मागितले नसेल तर ते गाळावे.

वय मुलाखतीत कळणार, हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. फरक इतकाच की तोवर समोरच्याने आपले काम वाचलेले असते आणि त्याविषयी त्याला काही विचारायचे असते. सारांशाचे काम आपल्याला त्या खोलीपर्यंत नेण्याचे आहे. त्यापलीकडे त्याचा उपयोग होत नाही. म्हणून कुठे अडते आहे ते आधी पाहावे. योग्य पदांसाठी अर्ज करूनही फोनच येत नसतील, तर सारांशात आणि तारखांत बदल करून पाहण्यात अर्थ आहे. फोन येतात, मुलाखती होतात आणि मग गाडी थांबते, असे असेल तर सारांश पुन्हा पुन्हा लिहून काही हाती लागणार नाही. तिथे पगाराची अपेक्षा, पदाची पातळी किंवा आपल्यापेक्षा लहान वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याविषयीची शंका आड येत असू शकते, आणि तिला समोरासमोरच उत्तर द्यावे लागते.

एका बाबतीत मी आपल्या बाजूने आहे. संचालक किंवा सल्लागार अशा पदासाठी जाहिरातीतच २५ वर्षांचा अनुभव मागितला असेल, तर तो आकडा सारांशात जरूर लिहावा, कारण तिथे ती पात्रतेची अट आहे. तरीही तो पहिल्या ओळीत नको. पद आणि कामाचा आवाका आधी येऊ द्यावा आणि वर्षे त्याच्या मागोमाग यावीत.

आपला सध्याचा सारांश, नावे आणि कंपनीचे तपशील वगळून, इथे खाली लिहिलात तर त्याच्या ओळी मी एकेक करून पाहीन.