मालिका खरी, तरी उत्तर का चुकलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “मागच्या लेखात तुम्ही ठामपणे लिहिलंय की e^x ची मालिका x च्या कोणत्याही किमतीला चालते. मी सरळ प्रोग्रॅम लिहून x = -20 घातलं. उत्तर ५.६ अब्जांशाच्या आसपास आलं, कॅल्क्युलेटर २.०६ अब्जांश दाखवतो. दोनशे पदं घेतली तरी आकडा हलत नाही. ln 2 ची मालिका हजार पदांनंतरही ०.६९२६ वरच, खरी किंमत ०.६९३१. या मालिका परीक्षेत सिद्धता लिहिण्यापुरत्याच आहेत, हे सरळ सांगा ना. लोकांची दिशाभूल कशाला?”

उत्तर:

तुमचे दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत, आणि माझं ते वाक्य अर्धवट होतं. मालिकेबद्दल ते खरं आहे, पण प्रोग्रॅमबद्दल नाही, आणि हा फरक मी तिथेच सांगायला हवा होता. तुमचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. तुम्हाला दोन वेगळे आजार भेटले आहेत. पहिल्यात अंक हरवतात. दुसऱ्यात अंक हरवत नाहीत, मालिकाच फार हळू चालते. दोन्हींवर उपाय आहे आणि तो मालिका टाकून देण्याचा नाही.

आधी e^(-20) घेऊ. मालिका आहे 1 + x + x^2/2! + x^3/3! + ..., आणि इथे x = -20. तुमच्या प्रोग्रॅममधलं प्रत्येक पद छापून बघा. सुरुवात अशी दिसेल: १, -२०, +२००, -१३३३.३३, +६६६६.६७... x च्या n व्या घाताचं पद मागच्याला -२०/n ने गुणून मिळतं, म्हणून n वीस होईपर्यंत पदं आकाराने वाढतच जातात. एकोणिसाव्या आणि विसाव्या घाताची पदं आकाराने सारखी आणि सगळ्यात मोठी असतात: ४ कोटी ३० लाख ९९ हजार ८०४ आणि पुढे काही दशांश. एक उणे, एक अधिक. अशा कोटींच्या आकड्यांनी एकमेकांना खोडत खोडत शेवटी दोन अब्जांश इतकं उरायला हवं.

आता संगणकाकडे बघा. नेहमीच्या डबल प्रकारात संख्येचे ५३ बिट जपले जातात, म्हणजे साधारण सोळा अंक. ३,३५,५४,४३२ (2^25) आणि ६,७१,०८,८६४ (2^26) यांच्या मध्ये लागोपाठच्या दोन डबल संख्यांमधलं अंतर 2^(-27) असतं, म्हणजे ७.४५ अब्जांश. आपलं सगळ्यात मोठं पद याच पट्ट्यात पडतं. ते साठवतानाच ३.७ अब्जांशापर्यंत चूक होऊ शकते, आणि शोधायचं उत्तर आहे २.०६ अब्जांश! उसाचा ट्रक कारखान्याच्या काट्यावर दोनदा तोलायचा, एकदा ड्रायव्हरच्या खिशात सुपारी असताना आणि एकदा नसताना, आणि त्या फरकातून सुपारीचं वजन काढायचं, तसा हा प्रकार आहे. काटा बिघडलेला नसतो. त्याच्या खुणाच सुपारीपेक्षा मोठ्या असतात.

म्हणूनच पदं वाढवून फायदा झाला नाही. चूक मधल्या मोठ्या पदांत होऊन गेली होती, आणि नंतरची बारीक पदं ती भरून काढू शकत नाहीत. गुणाकार-भागाकाराचा क्रम बदललात तर ५.६ ऐवजी दुसराच आकडा येईल, तोही चुकीचाच. आकडा स्थिर झाला म्हणून तो बरोबर असं धरायचं नसतं, हे मला तुमच्या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण वाटतं.

हे आधी ओळखायची एक सोपी खूण आहे. बेरीज करताना सगळ्यात मोठ्या पदाची नोंद ठेवा आणि शेवटी त्याला आलेल्या बेरजेने भागा. भागाकार जितक्या अंकी, साधारण तितके अंक गेले. x = -5 ला सगळ्यात मोठं पद २६.०४ आणि उत्तर ०.००६७३८, म्हणजे भागाकार सुमारे ३,९००. साडेतीन अंक गेले, बारा उरले, बहुतेक कामांना पुरे. x = -20 ला हाच भागाकार 10^16 च्या घरात जातो. सोळातले सोळा गेले.

यावर पहिला उपाय चटकन सुचतो: e^20 काढा आणि १ ला त्याने भागा. +२० घातल्यावर सगळी पदं धन होतात, काही खोडलं जात नाही, ४८,५१,६५,१९५.४१ मिळतात आणि व्यस्त घेतल्यावर २.०६११५३६ अब्जांश. उत्तर चोख आहे, पण सोळा अंकांसाठी जवळजवळ सत्तर पदं लागतात. शिवाय x शंभराच्या घरात गेला की पदं आणखी वाढतात.

मला जास्त आवडतो तो दुसरा उपाय, कारण तो मालिकेला तिच्या घरी नेतो. ही मालिका शून्याभोवतीची आहे, शून्याजवळ ती विलक्षण वेगाने उत्तर देते. मग x लाच शून्याजवळ आणू. x = k·ln 2 + r असं लिहायचं, k पूर्णांक. मग e^x म्हणजे 2^k गुणिले e^r. दोनाच्या घाताने गुणणं संगणकाला जवळजवळ फुकट असतं, कारण फक्त घातांकाचे बिट बदलावे लागतात. आणि k जवळचा पूर्णांक घेतला की r कधीच ०.३४६६ च्या पलीकडे जात नाही.

तुमचंच उदाहरण हाताने करू. -२० ला ०.६९३१४७१८ ने भागलं की -२८.८५, म्हणून k = -29. मग r = -२० + २९ × ०.६९३१४७१८०५६ = ०.१०१२६८२४. आता मालिका:

```
1
0.10126824
0.00512763
0.00017309
0.00000438
0.00000009
----------
1.10657343
```

पाच-सहा ओळींत आठ अंक! हे 2^29 ने, म्हणजे ५३,६८,७०,९१२ ने भागा: २.०६११५३६ अब्जांश. सोळा अंक हवे असतील तर r कितीही असला तरी चौदा पदं पुरतात. प्रोग्रॅम एवढाच:

```python
import math
LN2 = 0.6931471805599453

def e_power(x):
    k = round(x / LN2)
    r = x - k * LN2
    term = total = 1.0
    for n in range(1, 14):
        term *= r / n
        total += term
    return math.ldexp(total, k)
```

यातही एक कच्चा दुवा आहे, तो लपवत नाही. `x - k * LN2` ही वजाबाकी पुन्हा दोन जवळच्या संख्यांची आहे. २०.१ च्या आसपास डबलच्या खुणा सुमारे 3.6e-15 इतक्या अंतरावर असतात, त्यामुळे r चा पंधराव्या दशांश स्थळाजवळचा अंक डळमळतो आणि उत्तराचा शेवटचा अंक-दीड अंक जातो. k मोठा झाला की आणखी जातो. यावरची युक्ती कोडी आणि वेट या जोडीच्या नावाने ओळखली जाते: ln 2 चे दोन तुकडे करायचे. मोठ्या तुकड्याच्या शेवटी मुद्दाम शून्य बिट ठेवायचे, म्हणजे k ने गुणल्यावर तो अचूकच राहतो, आणि उरलेला बारीक तुकडा नंतर वेगळा वजा करायचा. सन कंपनीच्या `fdlibm` या जुन्या लायब्ररीत `ln2HI` आणि `ln2LO` अशी नावं दिसतात, ती याच तुकड्यांची. तिथे शेवटच्या टप्प्याला टेलर मालिकेऐवजी त्या पट्ट्यात चूक समान वाटली जाईल अशी जुळवलेली बहुपदी असते, पण आधीची छाटणी हीच.

आता ln 2. इथे अंक हरवलेले नाहीत. ही निकोलस मर्केटर या गणितज्ञाची मालिका, १६६८ साली त्याने छापलेली:

```
ln(1+x) = x - x^2/2 + x^3/3 - x^4/4 + ...
```

ती x हा -१ पेक्षा मोठा आणि फार तर १ असतानाच चालते, आणि तुम्ही तिला बरोबर कुंपणावर, x = 1 वर उभं केलंत. तिथे x चे घात लहान होतच नाहीत. पदं फक्त १/n ने उतरतात, आणि N पदांनंतर चूक साधारण १/(२N) उरते. हजार पदांनंतर ०.०००५, म्हणजे तुम्हाला दिसलेला ०.६९२६ अगदी अपेक्षेप्रमाणे. दहा अंकांसाठी हजार कोटी पदं लागतील.

याच हजार पदांतून आणखी काढता येतं, हे जाता जाता. पुढच्या पदाचा अर्धा भाग, १/२००२, तुमच्या बेरजेत मिळवा: ०.६९३१४६९३. चूक एकदम दोन हजार पटींनी घटली. केरळात माधवाच्या परंपरेने π च्या मालिकेला जोडलेली शेवटची दुरुस्ती याच जातीची आहे, आणि ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी संध्याकाळभर वहीत तेच करत बसलो होतो.

पण खरा मार्ग मालिका बदलण्याचा. ln(1+z) मधून ln(1-z) वजा करा. सम घात नाहीसे होतात आणि उरतं:

```
ln((1+z)/(1-z)) = 2 (z + z^3/3 + z^5/5 + ...)
```

२ मिळवायला z = 1/3 लागतं. आता प्रत्येक पद मागच्याच्या नवव्या हिश्शापेक्षाही लहान, आणि सगळी धन, म्हणून खोडाखोडही नाही. पाच पदांनी ०.६९३१४६०५ येतं, सात पदांनी ०.६९३१४७१७. हजार पदांचं काम सात पदांनी केलं, आणि कितीतरी चांगलं केलं.

एकदा ln 2 हाती आला की बाकीच्या संख्यांना पुन्हा तीच छाटणी. ln 10 काढू. १० = ८ × १.२५, म्हणून ln 10 = 3 ln 2 + ln 1.25. १.२५ साठी z म्हणजे ०.२५ भागिले २.२५, बरोबर १/९:

```
1/9         = 0.1111111111
1/(3*9^3)   = 0.0004572474
1/(5*9^5)   = 0.0000033870
1/(7*9^7)   = 0.0000000299
1/(9*9^9)   = 0.0000000003
```

बेरीज ०.१११५७१७७५७, दुप्पट ०.२२३१४३५५१४. त्यात 3 ln 2 चे २.०७९४४१५४१७ मिळवले की २.३०२५८५०९३१. खरी किंमत २.३०२५८५०९३०. दहाव्या दशांश स्थळावरचा तो एकचा फरक मी प्रत्येक ओळ दहाव्या स्थळावरच्या जवळच्या अंकाला नेल्यामुळे आला आहे. कोणतीही धन संख्या दोनाचा घात काढून ०.७०७ आणि १.४१४ यांच्या मध्ये आणता येते, आणि तिथे z ०.१७१६ च्या पुढे जात नाही. म्हणजे सगळ्यात वाईट वेळीही प्रत्येक पुढचं पद मागच्याच्या तेहतिसाव्या हिश्शाहून लहान.

मागच्या लेखातलं ते वाक्य आज बदलतोय आणि त्याखाली तुमच्या x = -20 चा प्रयोग जोडतोय. तुमच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात मोठ्या पदाची नोंद घालून x = -10, -15 आणि -30 लाही चालवून बघाल का? -३० ला माझ्या हिशेबाने उत्तराचं चिन्हसुद्धा भरवशाचं राहणार नाही. तुमच्याकडे काय येतं ते इथेच कळवा.