‘ओबीसी ३ वर्षं सूट’ आणि डीव्हीला अडकलेला फॉर्म : आमचं उत्तर

“एक स्टार पण जास्त वाटतोय. यांच्या पेजवर सेंट्रलच्या भरतीचं कॅरोसेल बघून फॉर्म भरला. त्यात ओबीसीला ३ वर्षं सूट लिहिलेलं. माझं एनटी-डीचं सर्टिफिकेट, नॉन क्रिमीलेयर, सगळं ओके होतं. परीक्षा पास झालो अन् डीव्हीला सांगतात हे चालत नाही, ओपनमध्ये पण धरता येणार नाही, वय जास्त आहे. सात स्लाइड टाकता तर पूर्ण माहिती द्या ना. नाशिकच्या पोरांनी सावध राहा.”

दादा, आधी सांगते, ही स्लाइड मी स्वतः बनवते, कॉलेज रोडला आमचं फॉर्म सेंटर अन् वर अभ्यासिका आहे तिथेच बसून, त्यामुळे उत्तर पण मीच देतेय. परीक्षा पास होऊन डीव्हीला, म्हणजे कागदपत्रं तपासतात तिथे, अडकणं म्हणजे काय असतं ते मला कळतं, राग येणारच. पण तिसऱ्या स्लाइडवर वयाच्या तक्त्याखाली ‘केंद्रीय नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र, तारीख बघा’ ही ओळ आहे, पोस्ट अजून पेजवर आहे, कोणीही जाऊन बघू शकतं. ती ओळ बारीक वाटली असेल, पण सगळा खेळ त्याच ओळीत आहे अन् रिव्ह्यू वाचणाऱ्या बाकीच्या पोरांना पण उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे राज्याच्या भरतीची इतकी सवय असते की एनटी-बी, एनटी-सी, एनटी-डी, व्हीजे, एसबीसी हे सगळीकडेच चालतं असं वाटतं. सेंट्रलच्या फॉर्मला एनटी नावाचा रकानाच नसतो. तिथे एससी, एसटी, ओबीसी, ईडब्ल्यूएस अन् अनारक्षित, बस. मग आपली जात केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी भरायचं, नसेल तर नाही. वंजारी, म्हणजे आपल्याकडचे एनटी-डी, अन् धनगर या यादीत आहेत, कुणबी पण आहेत, त्यामुळे तुम्ही ओबीसी टिक केलं ते बरोबरच होतं. एसईबीसी मात्र केंद्रात नाही, ते राज्यापुरतं, त्या पोरांना सेंट्रलला ओपन किंवा अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएस. आपली जात यादीत नक्की कुठल्या नोंदीवर अन् कशी लिहिलीय ते मागासवर्ग आयोगाच्या साइटवर ncbc.nic.in ला राज्यवार बघता येतं, स्पेलिंगसकट, कारण सर्टिफिकेटवर तेच यायला हवं.

आता सर्टिफिकेट. तहसीलमधून आपण जे नॉन क्रिमीलेयर काढतो ते राज्याच्या नमुन्यातलं असतं, एमपीएससीला, जिल्हा परिषदेला, कॉलेजच्या ॲडमिशनला तेच चालतं. सेंट्रलचा नमुना वेगळा, तो नोटीसच्या शेवटी जोडपत्रात अख्खा छापलेला असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. केंद्राच्या कागदावर शीर्षकातच लिहिलेलं असतं की हे भारत सरकारच्या पदांसाठी अर्ज करणाऱ्या ओबीसींचं प्रमाणपत्र आहे, अन् आत ८-९-१९९३ चं कार्यालयीन ज्ञापन नंबरसकट येतं, 36012/22/93-Estt.(SCT) असा. हा नंबर तुमच्या कागदावर कुठेच नसेल तर तो सेंट्रलचा कागद नाही, मग त्यावर कितीही शिक्के असोत. तुमच्या एनटी-डीच्या कागदावर तो कसा असेल? तो राज्याच्या आरक्षण कायद्याखाली दिलेला आहे.

पण माझ्या मते तुमचं खरं दुखणं त्याच्या पुढचं आहे. डीव्हीवाले ‘ओपनमध्ये पण धरता येणार नाही’ का म्हणाले? इथेच पोरं गोंधळतात, त्यांना वाटतं सर्टिफिकेट नाही चाललं तर फार तर ओपनच्या कटऑफला बसू. तसं होतं, पण वय ओपनच्या मर्यादेत असेल तरच. एक उदाहरण करून दाखवते, आकडे समजायला म्हणून घेतलेत.

समजा बारावी पासवर भरती आहे, वय १८ ते २७, अन् वय मोजायची तारीख १-१-२०२६. नोटीस हे ‘१८ ते २७’ असं लिहून सोडत नाही, कंसात जन्मतारखा देते : २-१-१९९९ च्या आधीचा जन्म नको अन् १-१-२००८ नंतरचा नको. आता एक मुलगा धरा, जन्म १४ मार्च १९९७. ओपनमधून तो बाहेर. ओबीसीची ३ वर्षं धरली की खालची तारीख २-१-१९९६ होते, मग तो आत. म्हणजे हा मुलगा फॉर्म भरायला पात्र झाला तोच ओबीसीमुळे. उद्या डीव्हीला त्याचा ओबीसीचा कागद मान्य झाला नाही तर त्याला अनारक्षित धरतात, अन् अनारक्षितमध्ये तर तो वयानेच बसत नाही, मग उमेदवारीच रद्द. मार्क कितीही असोत, अगदी ओपनच्या कटऑफच्या वर असले तरी, कारण वयाची सूट घेतलेल्याला ओपनच्या जागेवर घेत नाहीत. पण त्याच्या शेजारी बसलेला जुलै २००१ चा मुलगा, त्याच जातीचा, तेच चुकीचं सर्टिफिकेट घेऊन गेला तर ओपनच्या मार्कात बसत असेल तर निघून जातो. दोघांचा कागद सारखा, पण एकाचा निकाल गेला अन् एकाचा राहिला. म्हणून वयात सूट घेणाऱ्याला मी काउंटरवर दोनदा विचारते की बाबा सेंट्रलचा कागद हातात आहे का, अन् काही जण चिडतात पण.

तारखेचं पण तसंच. शेवटच्या तारखेची स्लाइड बघून सगळे एवढंच बघतात की फॉर्म कधीपर्यंत चालू. एसएससीच्या, म्हणजे दहावी नाही, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या नोटीसमध्ये त्याच तारखेला अजून एक काम असतं, तुम्ही ओबीसी आहात का नाही हे त्याच दिवशीच्या स्थितीवर धरतात. फॉर्म बंद झाल्यावर सेतूत जाऊन कागद काढला तर तो मान्य होईलच असं धरून चालू नका. यूपीएससी तर सिव्हिल सर्व्हिसच्या नियमात स्पष्टच लिहिते की आधीच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नावर, १ एप्रिलनंतर अन् शेवटच्या तारखेच्या आत काढलेला कागद हवा, तिचा फॉर्म एप्रिलच्या आधीच बंद होतो म्हणून तो १ एप्रिल आदल्या वर्षीचा असतो. म्हणून मी पोरांना एकच सांगते, जाहिरातीची वाट बघू नका, १ एप्रिल उलटला की पहिल्या महिन्यातच नवीन कागद टाका, कारण जाहिरात आली की सेतूत अख्खा जिल्हा येतो अन् मग सर्व्हर डाउन, साहेब मीटिंगला. सोबत जातीचा दाखला अन् तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, अन् काउंटरला शब्दात सांगायचं ‘सेंट्रलचं ओबीसी’, नुसतं नॉन क्रिमीलेयर म्हटलं तर राज्याचंच हातात देतात, त्यांचा तरी काय दोष.

फीच्या स्लाइडबद्दल पण कमेंटमध्ये भांडण झालं होतं म्हणून सांगून टाकते. एसएससीला ओबीसीला फी माफ नाही, १०० रुपये भरायचेच. माफी महिलांना, एससी, एसटी, दिव्यांग अन् माजी सैनिकांना. राज्यात मागासवर्गीयांना फी कमी असते म्हणून इथे पण असेल असं वाटतं अन् पोरं मला विचारतात ‘ताई जास्त का घेतले’. मी घेत नाही, ते पोर्टलवर जातात, आमचे फॉर्म भरायचे वेगळे अन् त्याची पावती देतो.

स्टेप्सच्या स्लाइडवर आम्ही पहिली स्टेप नोंदणी लिहितो ती उगाच नाही. ssc.gov.in ला एकदाच नोंदणी करावी लागते अन् कॅटेगरी तिथेच टाकायची असते, तिथे चुकलं की पुढच्या प्रत्येक फॉर्मला तेच ओढलं जातं. फॉर्म भरून झाल्यावर दुरुस्तीची विंडो उघडते, पहिल्यांदा २०० रुपये अन् दुसऱ्यांदा ५०० घेतात, ते दिवस गेले की मग कोणाचंच काही चालत नाही. सेंट्रलचा कागद वेळेत होणार नाही असं दिसलं अन् वय ओपनमध्ये बसतंय तर त्याच विंडोत कॅटेगरी बदलून घ्यायची, नोटीसमध्ये ती मुभा आहे का बघून. वय बसत नसेल तर बदलून उपयोग नाही, कागद मिळवणं हाच रस्ता.

सात स्लाइडमध्ये पूर्ण माहिती द्या म्हणता, तर दादा नोटीस किती पानांची असते ते तुम्ही पण बघितलंय. स्लाइड ही पोराने बसमध्ये सीबीएस ते नाशिकरोड बघायची गोष्ट आहे, त्यात पात्रता, तारखा, फी, स्टेप्स इतकंच मावतं, अन् जोडपत्राचा पान नंबर मी टाकते तो यासाठीच की तिथे जाऊन बघावं. सातच्या चौदा केल्या तर चौथीच्या पुढे कोणी जात नाही, पेजवर स्वाइपचे आकडे दिसतात मला.

आता तुमच्यासाठी. डीव्हीला जे सांगितलं ते लेखी मागा अन् सेंट्रलचा कागद द्यायला मुदत मिळते का ते त्याच कागदावर विचारा, तोंडी उत्तरावर परत येऊ नका. जुना कुठला सेंट्रल नमुन्यातला कागद, शेवटच्या तारखेच्या आतला, घरी पडलाय का ते पण बघा, कॉलेजला असताना कधी एखाद्या केंद्रीय संस्थेसाठी काढलेला असतो अन् लोक विसरतात. निर्णय त्या खात्याचा, मी काही शब्द देऊ शकत नाही. अन् पुढच्या फॉर्मचं गणित आजच मांडून बघा. वरच्या उदाहरणातल्या मुलाला ओबीसीतून ३० ची मर्यादा धरली तर वय १-१-२०२७ ला मोजणाऱ्या भरतीत तो अजून बसतो, १-८-२०२७ ला मोजणाऱ्या भरतीत बाहेर. म्हणजे एका तारखेवर त्याची एक भरती टिकते. तुमची जन्मतारीख मला माहीत नाही, ती इथे लिहू पण नका. येताना राज्याचा अन् असेल तो कागद घेऊन या, संध्याकाळी सहानंतर गर्दी कमी असते, मोजून देते, त्याचे पैसे नाहीत. स्टार कमी ठेवा की वाढवा, ते तुमचं.