निकालाची नक्कल मागायचा अर्ज : अपील बुडवायची खात्रीशीर पद्धत

वाटणीच्या दाव्यात तुम्ही हरलात, म्हणजे गट नंबरातला रस्त्याकडचा तुकडा भावाला आणि ओढ्याकडचा तुम्हाला, आणि आता तालुक्याच्या कोर्टाच्या निकालावर जिल्हा कोर्टात अपील करायचंय. त्यासाठी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लागते. सगळ्यात आधी डोकं शांत ठेवा, घाई अजिबात करू नका. अपीलाला 30 दिवस असतात, आणि 30 दिवस म्हणजे महिनाच की हो, तेवढ्यात एक लग्न आणि एक जत्रा आरामात होते.

मग एखाद्या दिवशी कोर्टात गेलातच तर अर्ज असा लिहा: "मा. साहेब, आमच्या जमिनीच्या केसचा निकाल लागला आहे, तरी कॉपी मिळावी ही विनंती." बास, सुटसुटीत. दाव्याचा नंबर आणि साल लिहायचं नाही, वादी-प्रतिवादीची नावं नाहीत, निकालाची तारीख तर नाहीच. त्याऐवजी 7/12 वरचा गट नंबर टाका ठळक अक्षरात, कारण कोर्टाचं रेकॉर्ड दाव्याच्या नंबरावर लावलेलं असतं आणि गट नंबर त्यांच्या काही कामाचा नसतो, तेवढीच क्लार्कला करमणूक. मागताय काय तेही गुलदस्त्यात ठेवा, निकालपत्र, हुकूमनामा की निशाणी 5 वरचा मनाईचा आदेश, ओळखू देत की त्यांना. कोर्ट फी स्टॅम्प न लावता अर्ज खिडकीत सरकवा आणि पत्ता-मोबाईल देऊ नका, उगाच त्रुटी कळवायला कुणी फोन केला तर पंचाईत. आणि त्रुटी काढण्यात तुमच्यामुळे गेलेले दिवस कोर्ट नक्कलेच्या वेळेत धरून देईलच असं नाही, म्हणजे आपलं काम निम्मं इथेच झालं.

आता दुसरा धोका. अर्ज करताना वकील म्हणतील, "हुकूमनामा तयार व्हायची वाट बघू नका, निकालाच्या नक्कलेला आजच अर्ज टाका." ऐकू नका. खरं म्हणजे हुकूमनामा निघाला नसला तरी निकालाच्या नक्कलेवर अपील दाखल करता येतं, दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोय आहे, पण आपण काय सोयी वापरायला बसलोय का? आणि मुदतीच्या कायद्याच्या कलम 12 मध्ये स्पष्टच लिहिलंय की अर्ज करायच्या आधी हुकूमनामा बनवण्यात कोर्टाचा जो वेळ गेला तो वजा मिळत नाही, म्हणजे अर्ज न टाकता नुसतं वाट बघत बसलं की दिवस तुमच्याच खात्यातून जातात.

तरीपण समजा बायकोने मागे लागून अर्ज करायला लावलाच (बरोबर नंबर टाकून, स्टॅम्प लावून). निकाल 3 जूनचा, अर्ज 20 जूनला, नक्कल तयार झाली 5 जुलैला. निकालाचा दिवस धरायचा नसतो, म्हणून मूळ मुदत 3 जुलैला संपत होती, पण 20 जून ते 5 जुलै हे नक्कलेचे 16 दिवस वाढवून मिळतात, म्हणजे 19 जुलैपर्यंत अपील चालतं. घाबरू नका, अजून सगळं हातातून गेलं नाहीये. नक्कल तयार असली तरी आणायला जायचं नाही. शेतात कामं आहेत, एसटी वेळेवर नाही, वकिलांचा फोन लागत नाही. तयार झाल्यानंतर खिडकीत पडून राहिलेले दिवस साधारणपणे वजा मिळत नाहीत, हे गुपित फार कमी लोकांना माहीत असतं आणि माहीत असलेले सांगतात तेव्हा आपण चहा पीत असतो. 25 जुलैला सावकाश जाऊन घेऊन या.

मधल्या काळात कुणी विचारलंच तर ई-कोर्ट्सच्या साईटवरून डाऊनलोड केलेली प्रिंट दाखवा. वाचायला, अपीलाचे मुद्दे काढायला ती उत्तमच आहे, त्यामुळे त्यासाठी वापरू नका. तीच झेरॉक्स करून नक्कल म्हणून अपीलाला जोडा आणि रजिस्ट्रीने त्रुटी काढली की सिस्टीमला शिव्या द्या.

शेवटी विलंब माफीचा अर्ज करायचा असतो, कलम 5 खाली, त्यात पुरेसं कारण लागतं. "कोर्टाने नक्कल उशिरा दिली" असं बिनधास्त लिहा, प्रतिज्ञापत्रावर. सोबत तीच नक्कल जोडा. तिच्या मागच्या शिक्क्यात अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली आणि नेली कधी, तिन्ही तारखा कोर्टाच्याच हातच्या लिहिलेल्या असतात, आणि भावाचा वकील पान उलटवून वाचायला अगदी तयारच असतो.